पुशबॅक झालं, मग विमान थांबलं का? मुंबईहून सोलापूरला येणाऱ्या नव्या प्रवाशांसाठी

ऑक्टोबर २०२५ मध्ये सोलापूर-मुंबई विमानसेवा सुरू झाली. तेव्हापासून आपल्याकडची बरीच मंडळी पहिल्यांदाच विमानात बसू लागली आहेत. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून निघताना कोणाला फारसं काही खटकत नाही. प्रश्न पडतो तो परतीच्या प्रवासात, मुंबईत. दार बंद होतं, पट्टे बांधून होतात, विमान मागे ढकललं जातं म्हणजेच पुशबॅक होतं, इंजिनं सुरू होतात आणि मग ते थोडं पुढे जाऊन उभं राहतं, पुन्हा थोडं सरकतं, पुन्हा उभं राहतं. माझ्या मावशीने सोलापुरात उतरल्या उतरल्या विचारलं होतं, "अरे, निघालं निघालं म्हणून पट्टा आवळून बसले, आणि विमान नुसतं उभंच की! काय बिघडलं होतं का?"

काही बिघडलं नव्हतं. ती वाट पाहणं हा विमान उडवण्याच्या कामाचाच भाग आहे. खिडकीतून थोडं लक्ष दिलं तर विमान कशासाठी थांबलं आहे आणि साधारण किती वेळ थांबेल हे आपलं आपल्याला ओळखता येतं. एकेक टप्पा पाहू.

पहिला थांबा: मागे ढकलल्यानंतर लगेच

तिकिटावर सुटण्याची जी वेळ असते ती उड्डाणाची नसते. विमान आपल्या उभं राहण्याच्या जागेवरून हलतं, ती ही वेळ. त्यामुळे ६:३० चं विमान ६:३० ला हललं की कंपनीच्या नोंदीत ते वेळेवर सुटलं. चाकं जमीन सोडतील ती वेळ निराळीच असते.

टर्मिनलला नाक लावून उभं असलेलं विमान स्वतः मागे येत नाही. टग नावाचं बसकं, जड वाहन पुढच्या चाकाला जोडतात आणि ते विमानाला मागे ढकलतं. याच वेळी वैमानिक एकेक करून इंजिनं सुरू करतात. मग टग सुटतो, जमिनीवरचा कर्मचारी बाजूला जाऊन उभा राहतो आणि पुढच्या चाकातून काढलेली पिन वैमानिकाला हात उंचावून दाखवतो. त्या पिनला बहुधा लाल फीत बांधलेली असते. त्या बाजूच्या खिडकीत बसला असाल तर हे दृश्य दिसतं. पिन काढली म्हणजे चाकाचं वळणं पुन्हा वैमानिकाच्या ताब्यात आलं.

या सगळ्यात पाच-सात मिनिटं जातात. नुकतंच सुरू केलेलं जेट इंजिन उड्डाणाच्या पूर्ण ताकदीवर नेण्याआधी काही मिनिटं गरम व्हावं लागतं, तेही यातच सुरू होतं. हा थांबा अगदी नेहमीचा आहे. त्यानंतर वैमानिक जमिनीवरच्या विमानांना वाट देणाऱ्या ग्राउंड कंट्रोलरकडे पुढे सरकायची परवानगी मागतो. खरी रांग इथून लागते.

धावपट्टी एकच, आणि तीही दोघांची

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर नकाशात दोन धावपट्ट्या दिसतात. पण त्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान धावत असताना दुसरीवर धावू देता येत नाही, त्यामुळे वापरात एका वेळी एकच धरायची. बहुतेक वेळा ती पूर्व-पश्चिम जाणारी मोठी धावपट्टी असते. विमानं घाटकोपरच्या बाजूने उतरतात आणि जुहूच्या बाजूला समुद्रावर उडतात. जी काही विमानं उडतात आणि उतरतात ती याच एका पट्टीवरून.

आपली दौंड-सोलापूर रेल्वे एकेरी होती तो काळ ज्यांना आठवतो, त्यांना हे चटकन समजेल. समोरची गाडी येऊन बाजूला गेल्याशिवाय आपली गाडी स्टेशन सोडायची नाही. इथे समोरची गाडी म्हणजे उतरणारं विमान.

आता थोडा हिशेब. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने मुंबईच्या गर्दीच्या तासांतली विमानांची मर्यादा ताशी ४६ वरून ४४ वर आणली, कारण आकाशात विमानं फार वेळ घिरट्या घालत होती. ताशी ४४ म्हणजे प्रत्येक विमानाला धावपट्टीचे सुमारे ८२ सेकंद मिळतात. त्यातली निम्मी उतरणारी आणि निम्मी उडणारी धरली, तर उडणाऱ्या दोन विमानांत सरासरी पावणेतीन मिनिटांचं अंतर पडतं. हा पावणेतीन मिनिटांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पावणेतीन मिनिटं म्हणजे पुष्कळ वाटतात, पण त्यात काय काय बसवायचं असतं ते बघा. उतरणारी विमानं एकामागोमाग साधारण अकरा-बारा किलोमीटरच्या अंतराने येत असतात, ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने. एक विमान टेकलं की ते वेग कमी करून धावपट्टीबाहेर वळेपर्यंत जवळपास मिनिट जातं. मग थांबलेलं विमान पट्टीवर येतं, सरळ होतं, धावतं आणि उडतं. तोवर मागचं उतरणारं विमान शेवटच्या काही किलोमीटरवर आलेलं असतं. पट्टी मोकळी झालेली नसेल तर त्याला न उतरता पुन्हा वर जावं लागतं. म्हणून कंट्रोलर शंका असली तर उडणाऱ्याला थांबवतो. जमिनीवरचं विमान ब्रेक लावून उभं राहू शकतं, आकाशातलं राहू शकत नाही. प्राधान्य उतरणाऱ्याला मिळतं ते यामुळे.

रांगेत नंबर कसा लागतो

नव्या प्रवाशाला सगळ्यात जास्त राग इथे येतो. "आपण आधी आलो होतो, ते मागून आलेलं पुढे कसं गेलं?" कारण आधी येईल तो आधी जाईल हा नियम इथे फक्त सुरुवातीचा आहे. त्यात कंट्रोलर तीन गोष्टी बघून फेरफार करतो.

पहिली गोष्ट हवेतल्या भोवऱ्यांची. प्रत्येक विमान पंखांच्या टोकांमागे फिरत्या हवेचे दोन भोवरे सोडत जातं. विमान जितकं जड, तितके ते जोरकस. हे भोवरे दिसत नाहीत, पण मागून लगेच उडणाऱ्या हलक्या विमानाला ते एका कुशीवर कलंडवू शकतात. म्हणून विमानांचे वजनानुसार गट केले आहेत. १३६ टन आणि त्याहून जास्त वजनाची ती जड विमानं, उदाहरणार्थ परदेशी जाणारं बोइंग ७७७. सोलापूरसारख्या मार्गावरचं सत्तर-ऐंशी आसनांचं जेट मध्यम गटात येतं. जड विमानामागून त्याच पट्टीवरून मध्यम विमान उडवायचं तर दोन मिनिटं जाऊ द्यावी लागतात, आणि एअरबस ए-३८० सारख्या महाकाय विमानामागे तीन. उलट, मध्यम विमान पुढे आणि जड मागे असेल तर भोवऱ्यांसाठी वाट पाहावी लागत नाही. जागा मिळाली तर कंट्रोलर हलक्याला आधी सोडतो ते याच हिशेबाने.

दुसरी गोष्ट दिशेची. दोन्ही विमानांना उडाल्यावर एकाच वाटेने जायचं असेल तर त्यांच्यात अंतर जास्त ठेवावं लागतं. एक उत्तरेला आणि दुसरं दक्षिणेला वळणार असेल तर ते कमी चालतं. समजा रांगेत दिल्ली, अहमदाबाद, बंगळुरू आणि सोलापूर अशी चार विमानं आहेत. आलटून-पालटून दिल्ली, बंगळुरू, अहमदाबाद, सोलापूर अशी सोडली तर सगळ्यांचा मिळून वेळ वाचतो. यात अहमदाबादवाल्यांना बंगळुरूचं विमान मध्ये घुसल्यासारखं वाटेल, पण ते घुसल्याने मागच्या सगळ्यांना कमी थांबावं लागतं.

तिसरी गोष्ट वेगाची. पंख्याची एटीआर विमानं चढताना जेटपेक्षा बरीच हळू असतात. एटीआर पुढे आणि त्याच वाटेने जाणारं जेट मागे, असा क्रम लागला तर जेट तिला गाठेल, म्हणून जेटला जमिनीवर जास्त वेळ थोपवावं लागतं. अशा वेळी एटीआर आधी येऊनही जेटला पुढे काढतात.

हा क्रम धावपट्टीच्या तोंडाशी उभं राहून ठरवता येत नाही, ही या सगळ्यातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. धावपट्टीकडे नेणारा रस्ता, म्हणजे टॅक्सीवे, एका विमानाच्या रुंदीचा असतो, त्यावर ओव्हरटेक नाही. पट्टीवर शिरण्याच्या दोन-तीन वाटा असतील तर शेवटच्या क्षणी थोडी अदलाबदल होते, तेवढीच. म्हणून क्रमाचं बरंचसं गणित कोणाला आधी मागे ढकलायचं इथेच केलेलं असतं. गेटवर दार बंद करून विमान हलत नसेल, तर रांग तिथूनच सुरू झाली असं समजा.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांना गेटवरच थांबवा की. आता ते बऱ्याच अंशी करतातच. मुंबईत विमान कंपनी, विमानतळ आणि कंट्रोलर मिळून प्रत्येक विमानाला इंजिन सुरू करण्याची वेळ आधी ठरवून देतात, म्हणजे इंधन न जाळता वाट पाहता येते. पण रांग पूर्णपणे संपवता येत नाही, आणि संपवूही नये. पट्टीच्या तोंडाशी दोन-चार विमानं तयार उभी नसतील, तर उतरणाऱ्यांमध्ये अचानक मिळालेली फट वाया जाते. वाया गेलेले ८२ सेकंद दिवसभरात परत मिळत नाहीत. दुसरं कारण जागेचं. आपण ज्या बेवर, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवर, आहोत, ती जागा नुकत्याच उतरलेल्या विमानाला हवी असते.

एक संध्याकाळ, घड्याळ लावून

आकडे नमुन्याचे घेऊ. सोलापूरचं विमान ६:३० ला सुटायचं आहे आणि पोहोचायची वेळ ७:५० दिली आहे.

६:३२ ला टग विमानाला मागे ढकलायला लागतो. ६:३९ ला इंजिनं चालू, टग दूर, पिन दाखवून झाली. ६:४० ला सरकायची परवानगी मिळते. रस्ता अगदी मोकळा असता तर धावपट्टीपर्यंत आठ मिनिटं, म्हणजे आपण ६:४८ ला पोहोचलो असतो. जमिनीवरून धावपट्टीपर्यंत सरकायला, म्हणजे टॅक्सीला, लागणारा खरा वेळ एवढाच. पुढचं सगळं वाट पाहणं आहे.

६:४८ ला पुढे सहा विमानं आहेत आणि पहिलं नेमकं याच क्षणी उडतं आहे असं धरा. दर पावणेतीन मिनिटांना एक, म्हणजे सहा फेऱ्यांचे साधारण साडेसोळा मिनिटं. आपली पाळी ७:०४ च्या सुमारास. आपल्या पुढचं विमान जड असलं तरी इथे वेगळा वेळ वाढत नाही, कारण मध्ये एक विमान उतरणार असल्याने दोन मिनिटं तशीही जाणारच आहेत. भोवऱ्यांचा नियम बोचतो तो उतरणारी विमानं विरळ असतात आणि उडणारी पाठोपाठ सोडायची असतात तेव्हा.

आता समजा उतरणाऱ्यांपैकी एक विमान थोडं लवकर आलं, किंवा टेकल्यावर जवळचं वळण चुकून पुढच्या वाटेने बाहेर पडलं. फट आक्रसली. कंट्रोलर आपल्याला "थांबा" म्हणतो, एक पूर्ण फेरी जाते आणि आपण ७:०७ ला उडतो. बेवरून हलल्यापासून पस्तीस मिनिटं.

मुंबई-सोलापूर हवाई अंतर सुमारे ३६० किलोमीटर आहे. समुद्राकडे उडून मग आग्नेयेला वळायचं, तेव्हा पाऊण तास किंवा थोडं जास्त धरा. ७:५५ च्या आसपास सोलापुरात चाकं टेकतील आणि आठला दार उघडेल. पस्तीस मिनिटं जमिनीवर घालवूनही उशीर दहाच मिनिटांचा, कारण वेळापत्रक बनवणाऱ्यांनी मुंबईची ही रांग आधीच धरलेली असते. पाऊण तासाच्या प्रवासाला तिकिटावर ऐंशी मिनिटं दिसतात ती त्यामुळे.

खिडकीतून काय ओळखायचं

धावपट्टी दिसत असेल तर दोन गोष्टी बघा: विमानं उतरत आहेत का, आणि उडत आहेत का.

दोन्ही चालू असतील तर तुम्ही साध्या रांगेत आहात. पुढची विमानं मोजा आणि पावणेतीनने गुणा. अंदाज बराचसा जुळतो.

उतरणं चालू आहे पण कोणीच उडत नाही, असं दिसलं तर दोन शक्यता. उतरणाऱ्यांची गर्दी फार असल्याने त्यांना सलग आत घेत आहेत, किंवा बाहेर जायच्या वाटेवर पावसाळी ढग उभे आहेत. पहिली गोष्ट लवकर निवळते, दुसरीला वेळ लागतो.

उतरणंही बंद आणि उडणंही बंद असेल तर अडचण धावपट्टीचीच आहे. एखाद्या वैमानिकाने पक्षी धडकल्याचं किंवा पट्टीवर काही पडल्याचं कळवलं की गाडी पाठवून पट्टी तपासतात. पिवळे दिवे लावलेली जीप पट्टीवर फिरताना दिसते. वाऱ्याची दिशा बदलली तर उड्डाणाची दिशाही उलटी करावी लागते, आणि मग रांगेतल्या विमानांना पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. पावसाळ्याच्या तोंडावर हे होतं, आणि तेव्हा अर्धा तास सहज जातो.

बाकीची विमानं उडत आहेत आणि तुमचं मात्र बाजूला घेऊन उभं केलं आहे, असं असेल तर कारण तुमच्याच विमानाचं आहे. कदाचित उड्डाणाची ठरावीक वेळ अजून यायची असेल किंवा वैमानिकांना काही तपासून घ्यायचं असेल. इंजिनांचा आवाज उतरला तर थांबा लांबणार असं धरा. उभं राहूनही इंधन जळतं आणि टॅक्सीसाठी धरलेलं इंधन मोजकंच असतं. ते फार खर्च झालं तर विमानाला भरून घ्यायला परत यावं लागतं, म्हणून वैमानिक एखादं इंजिन बंद ठेवतात.

पाळी जवळ आल्याची खूण म्हणजे जमिनीवर आडव्या रंगवलेल्या पिवळ्या रेघा, दोन अखंड आणि दोन तुटक. कंट्रोलरने सांगितल्याशिवाय त्या ओलांडता येत नाहीत. त्याच सुमारास केबिन क्रूला जागेवर बसायची सूचना ऐकू येते.

इथे एक कळकळीची विनंती. रांगेत उभं असताना कृपा करून स्वच्छतागृहाकडे जायला उठू नका. एकही प्रवासी उभा असेल तर केबिन तयार आहे असं क्रू कळवू शकत नाही आणि वैमानिकाला पाळी सोडावी लागते. पाळी सोडली की पावणेतीन मिनिटंच जातात असं नाही. बाजूला काढलेलं विमान पुन्हा रांगेत कुठे बसवायचं ते कंट्रोलर ठरवतो. पुशबॅकच्या आधी जाऊन आलेलं बरं.

सोलापुरात रांग नाही, तरी थांबा कसा?

सोलापुरात विमानं मोजकी, त्यामुळे रांगेचा प्रश्न नाही. तरी मुंबईचं विमान कधी कधी प्रवासी बसल्यावरही हलत नाही. अडचण मुंबईत असते. तिथे त्या तासाला उतरणारी विमानं जास्त होणार असं दिसलं, की दिल्लीतलं हवाई वाहतूक नियंत्रण केंद्र काही विमानांना उड्डाणाची ठरावीक वेळ देतं. त्या वेळेच्या पाच मिनिटं आधीपासून दहा मिनिटं नंतरपर्यंत उडायचं. मुंबईवर अर्धा तास घिरट्या घालण्यापेक्षा होटगी रोडला इंजिन बंद करून बसणं इंधनालाही परवडतं आणि सुरक्षितही आहे. पण प्रवासी उशिरा आल्याने ही वेळ हुकली, तर नवी वेळ मागावी लागते, आणि ती कितीही पुढची मिळू शकते. छोट्या विमानतळावर वेळेत आत जाण्याला म्हणून मोठ्या विमानतळाइतकीच किंमत आहे.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाला चमकवते. ज्या छोट्या विमानतळांवर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे नसतो, तिथे विमान पट्टीवरूनच हळूहळू टोकापर्यंत जातं, तिथे पूर्ण वळतं आणि मग धावतं. विमान पट्टीवर आलं, तरी वेग घेत नाही, उलट संथ चाललं आहे, असं दिसलं तर घाबरू नका. ते सुरुवातीच्या टोकाकडे जात आहे.

घ्यायला येणाऱ्यांसाठी

घरची माणसं बहुधा "विमान सुटलं" हा मेसेज पाहून निघतात आणि होटगी रोडवर ताटकळतात. फ्लाइट ट्रॅकिंगच्या अॅपवर प्रत्यक्ष उड्डाणाची वेळ वेगळी दिसते. विमानाचा वेग आणि उंची आकड्यांत वाढू लागली की ते उडालं. त्या वेळेत पंचावन्न मिनिटं मिळवा, म्हणजे दार उघडण्याची वेळ मिळते. सामान हातात यायला आणखी दहा-पंधरा मिनिटं. वरच्या उदाहरणात विमान ७:०७ ला उडालं, तर सात रस्त्यावरून पावणेआठच्या सुमारास निघालेला माणूसही वेळेत पोहोचतो.